पाखराचा हिशेब

मंडळी, फळ्यावर एक आडवी रेघ ओढली आहे. हा रूळ. त्याच्या दोन टोकांना दोन गाड्या, मधलं अंतर १२० किलोमीटर. दोघींची तोंडं एकमेकींकडे आणि रूळ एकच. स्टेशनमास्तर कुठे झोपला होता ते विचारायचं नाही. गणितातल्या गाड्या पूर्वीपासून अशाच धावत आल्या आहेत. प्रत्येकीचा वेग ताशी ६० किलोमीटर. डावीकडच्या इंजिनावर एक पाखरू बसलंय. गाड्या सुटतात त्याच क्षणी तेही उडतं, ताशी ९० च्या वेगानं. समोरच्या इंजिनाला चोच लावतं, तिथल्या तिथे वळतं, पुन्हा डाव्या इंजिनाकडे येतं, पुन्हा वळतं. गाड्या एकमेकींना भिडेपर्यंत हे चालू. तर पाखरानं एकंदर किती अंतर कापलं?

मी बरीच वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं, आणि हे कोडं दरवर्षी घातलं. दरवर्षी तेच व्हायचं. हुशार मुलं वही उघडायची आणि पहिली झेप मोजायला बसायची. ज्यांना गणिताचा कंटाळा ती खिडकीबाहेर बघत बसायची, आणि त्यांच्यातलाच एखादा न विचारता बोलून जायचा, ‘‘सर, गाड्या तासाभरात धडकणार ना? मग पाखरू तासभर उडलं. नव्वद.’’

झालं उत्तर. दोन गाड्या मिळून तासाला १२० किलोमीटर जवळ येतात, मध्ये अंतर १२० च आहे, म्हणजे त्या बरोबर एका तासानं भिडणार. तो तासभर पाखरू एका वेगानं अखंड उडतंय. ताशी ९० नं एक तास म्हणजे ९० किलोमीटर. ते कुठे वळलं, किती वेळा वळलं, कोणती झेप केवढी होती, यातलं काहीही आपल्याला लागलं नाही.

पण म्हणून वही उघडणाऱ्या मुलांना मी कधी हसलो नाही, आणि आज तर मला त्यांच्याच बाजूनं बोलायचं आहे. चला, त्यांची वही बघू.

पहिली झेप. पाखरू ९० नं पुढे जातंय आणि समोरची गाडी ६० नं त्याच्याकडे येतेय. म्हणजे दोघं तासाला १५० किलोमीटरनं जवळ येतात. १२० भागिले १५०, म्हणजे एका तासाचे चार पंचमांश. अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्या वेळात पाखरू ७२ किलोमीटर उडालं. आणि गाड्या? त्या ४८ मिनिटांत मिळून ९६ किलोमीटर जवळ आल्या. मधे उरले २४.

इथे जरा थांबा. १२० चे २४ झाले. बरोबर पाचवा हिस्सा. आणि आता चित्र बघा: पाखरू एका इंजिनावर, समोर दुसरं इंजिन, वेग तेच. फक्त डावं-उजवं बदललं आणि अंतर पाचपट लहान झालं. म्हणजे जे गणित मघाशी होतं तेच पुन्हा समोर उभं आहे, छोट्या मापात. दुसरी झेप पहिलीच्या पाचव्या हिश्शाइतकी, १४.४ किलोमीटर. तिसरी त्याच्या पाचव्या हिश्शाइतकी, २.८८. पुढे असंच. तीन झेपा मिळवल्या तर ८९.२८ होतात, म्हणजे नव्वदची चाहूल वहीतही लागलेली असते.

आता ही सगळी बेरीज करायला भूमितीय श्रेढीचं सूत्र आठवावं लागतं असं मुलांना वाटतं. लागत नाही. पाखराचं एकूण अंतर काहीतरी आहे, त्याला आपण ‘सगळं’ म्हणू. पहिली झेप संपली की उरतं तेच गणित, पाचव्या हिश्शाच्या मापात. म्हणून उरलेलं अंतर हे ‘सगळं’चा पाचवा हिस्सा असणार. म्हणजे ‘सगळं’ बरोबर ७२ अधिक ‘सगळं’चा पाचवा हिस्सा. याचाच अर्थ, चार पंचमांश म्हणजे ७२. एक पंचमांश १८, पाच पंचमांश ९०. श्रेढीचं सूत्र म्हणतात ते एवढंच आहे, फक्त पुस्तकात त्याला सुटबूट घातलेला असतो.

या कोड्याबरोबर एक गोष्ट नेहमी सांगतात, ती तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. जॉन फॉन नॉयमन हे बुडापेस्टला जन्मलेले मोठे गणिती, मनातल्या मनात आकडेमोड करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांना कुणीतरी हे कोडं घातलं. त्यांनी क्षणात उत्तर दिलं. विचारणाऱ्याचा विरस झाला. तो म्हणाला, म्हणजे तुम्हाला यातली युक्ती आधीच माहीत होती. तर नॉयमन म्हणाले, कसली युक्ती? मी नुसती श्रेढीची बेरीज केली.

ही आख्यायिका पॉल हाल्मोस यांनी १९७३ साली नॉयमन यांच्यावर लिहिलेल्या लेखात दिली आहे. हाल्मोस स्वतः प्रिन्स्टनला नॉयमन यांचे सहायक होते. त्यांच्या लेखात गाड्याही नाहीत आणि पाखरूही नाही. दोन सायकलस्वार आहेत आणि एक माशी. सायकली २० मैलांवर, प्रत्येकी ताशी १० मैल, माशी ताशी १५. मी फळ्यावर लिहिलेले आकडे बघा: मी त्यांना सहानं गुणलंय आणि मैलांचे किलोमीटर केलेत, बाकी काही नाही. त्यामुळे त्यांच्या माशीच्या झेपाही पाचव्या हिश्शानंच लहान होत जातात. पहिली १२ मैल. आता १२ ला चार पंचमांशांनी भागायला किती वेळ लागतो? तुम्ही-आम्ही सुद्धा मनात करू. लोक ही गोष्ट सांगताना नॉयमन यांनी जणू अनंत बेरजा डोळ्यांपुढून पळवल्या असा आव आणतात. त्यांना पहिली झेप आणि एक गुणोत्तर लागलं असणार, बस. गोष्ट मजेची आहे, पण चमत्कार म्हणतात तेवढा तिच्यात नाही.

वर्गात हमखास येणारी एक शंका तुमच्याही मनात असेल. झेपा तर संपतच नाहीत. कितीही लहान अंतर उरलं तरी त्यात आणखी एक झेप बसते. मग पाखरू अनंत वेळा वळलं, आणि अनंत झेपांची बेरीज नव्वदच कशी?

याचं उत्तर मला उलट्या बाजूनं द्यायला आवडतं. गाड्या तासाभरात भिडतात यात कुणाला शंका नाही. पाखरू तेवढा वेळ उडालं यातही नाही. म्हणजे ७२, १४.४, २.८८ आणि पुढचं सगळं मिळून नव्वदच व्हायला हवं, आणि ते आपण एकही बेरीज न करता सिद्ध केलं. ज्या मुलानं श्रेढी हा शब्द ऐकलेला नाही त्यालाही पाखरानं तिची बेरीज शिकवली.

आणि खरोखर किती झेपा होतील ते मोजायचं असेल तर तेही मोजू. १२० किलोमीटरला पाचानं भागत चला. २४ किलोमीटर, ४.८ किलोमीटर, ९६० मीटर, १९२ मीटर, ३८ मीटर, साडेसात मीटरच्या वर थोडं, दीड मीटर, आणि आठव्या झेपेनंतर ३१ सेंटिमीटर. एका फुटाएवढं. पाखरू म्हणजे चिमणी धरली तर ती चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १५ सेंटिमीटर भरते. नवव्या झेपेनंतर गाड्यांमध्ये ६ सेंटिमीटर उरणार, तिथे चिमणी आडवी मावायची नाही. म्हणजे खऱ्या चिमणीच्या आठच झेपा. त्यातली आठवी एका सेकंदाच्या सुमारे सत्ताविसाव्या भागात उरकते, तेव्हा तीही चिमणीच्या आवाक्याबाहेरच म्हणा. पण या आठ झेपांत ती किती उडाली? नव्वद किलोमीटरला २३ सेंटिमीटर कमी. उरलेल्या त्या अनंत झेपा, ज्यांच्यावरून वर्गात एवढी हमरीतुमरी होते, त्या सगळ्या मिळून वीतभर.

आता हे एकूण वेळेचं अस्त्र कुठे खरं चालतं ते बघू. गाड्यांचे वेग बदला. एक ताशी ८०, दुसरी ताशी ४०. एकूण वेळवाल्याला काही फरक नाही: मिळून १२० च, एक तास, नव्वद. वहीवाल्याची मात्र त्रेधा. पाखरू ८० वाल्या गाडीवरून निघालं तर पहिल्या झेपेनंतर अंतराचा तेरावा हिस्सा उरतो, दुसऱ्या झेपेनंतर त्याचे सतरा हिस्से करून त्यातले पाच उरतात, मग पुन्हा तेरावा, पुन्हा सतरातले पाच. दोन श्रेढ्या एकमेकींत विणलेल्या. बेरीज नव्वदच येते, पण येईपर्यंत पान भरतं.

मग मी वर्गात वारा सोडायचो. डावीकडून उजवीकडे ताशी १० नं वारा वाहतोय. गाड्यांना त्याचं काही नाही. पाखराला जाताना वाऱ्याची साथ, जमिनीवरचा वेग १००. येताना तोंडावर वारा, वेग ८०. आता जमिनीवर मोजलेलं एकूण अंतर किती? आता मात्र मघाचा तो खिडकीबाहेर बघणारा गडी फसायचा. तो म्हणायचा, १०० आणि ८०, सरासरी ९०, तास एक, नव्वदच.

चूक. सरासरी काढताना त्यानं गृहीत धरलं की पाखरू निम्मा वेळ जातंय आणि निम्मा वेळ येतंय. वही उघडून बघितली असती तर दिसलं असतं की पहिलीच झेप सगळ्यात लांब आहे आणि ती जाण्याची आहे. पाखरू बहुतेक वेळ उजवीकडेच जातंय. सरासरीला वजन लावायला हवं, आणि वजन किती ते एका तासाच्या आकड्यात कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणजे आता झेपा मोजायला बसायचं का? नाही. आणखी एक एकूण आकडा आपल्या हाताशी पडून आहे, तो आपण अजून वापरलेलाच नाही. पाखरू शेवटी कुठे असतं? जिथे गाड्या भिडतात तिथे. डावी गाडी तासाभरात ६० किलोमीटर गेली, म्हणजे पाखरू निघालं तिथून ६० किलोमीटर उजवीकडे. मधे कितीही पुढे-मागे केलं तरी शेवटी निव्वळ ६० पुढे. तेव्हा दोन गोष्टी पक्क्या: जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ मिळून एक तास; आणि जाताना कापलेलं अंतर वजा येताना कापलेलं अंतर, ६० किलोमीटर.

जाण्याचा वेळ धरायचा एका तासाचा काही भाग, येण्याचा म्हणजे उरलेला. समजा, पाखरू अख्खा तास येतच राहिलं, तर ते ८० किलोमीटर मागे गेलं असतं. येण्यातला वेळ काढून जाण्याला दिला की दर तासामागे निव्वळ अंतर १८० नं वाढतं, कारण मागचे ८० वाचतात आणि पुढचे १०० मिळतात. आपल्याला उणे ८० वरून अधिक ६० वर यायचं आहे, म्हणजे १४० ची वाढ हवी. १८० पैकी १४०, म्हणजे एका तासाचे सात नवमांश. पाखरू सात नवमांश तास गेलं, दोन नवमांश तास आलं. जाताना ७०० नवमांश किलोमीटर, येताना १६० नवमांश. मिळून ८६० भागिले ९, म्हणजे ९५.५६ किलोमीटर. वाऱ्यामुळे साडेपाच किलोमीटर जास्त.

ज्यांना विश्वास बसत नाही त्यांनी घरी झेपा मोजून बघा. पहिली झेप पाऊण तासाची येईल, तिथून पुढे दर दोन झेपांमागे अंतर अठ्ठाविसाव्या हिश्शावर येईल, आणि जाण्याच्या सगळ्या झेपांचा वेळ सात नवमांशच भरेल. आणि हीच रीत बिनवाऱ्याच्या मूळ कोड्याला लावली तर कळतं की नव्वदपैकी ७५ किलोमीटर जाण्याचे आणि १५ येण्याचे. वजाबाकी साठ. मघाशी नव्वद म्हणताना आपल्याला हे माहीत नव्हतं, आणि त्या प्रश्नाला लागतही नव्हतं.

पण एक बदल असा आहे की तिथे एकूण वेळ हात टेकतो. मी म्हणालो होतो, पाखरू ‘तिथल्या तिथे वळतं’. ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी कानाआड केलंत. समजा ते प्रत्येक इंजिनावर दोन सेकंद दम खातं. आता पाखरू किती वेळ उडालं? एक तास वजा बसण्याचा वेळ. बसण्याचा वेळ म्हणजे दोन सेकंद गुणिले किती वेळा बसलं. आणि किती वेळा बसलं हे कळायला झेपाच मोजाव्या लागतात! अनंत झेपा असत्या तर बसण्याचा वेळही अनंत झाला असता, पण तास तर एकच आहे. म्हणजे दम खाणाऱ्या पाखराच्या झेपा मोजक्याच असणार, हे मोजण्याआधीच कळतं.

मोजू. दोन सेकंदांत गाड्या ६७ मीटरच्या आसपास जवळ येतात. पहिल्या झेपेनंतर २४ किलोमीटर उरले, पाखरू बसलं, ६७ मीटर गेले. उरलेल्याचा पाचवा हिस्सा, पुन्हा वजा ६७ मीटर. असं करत गेलं की चौथ्या विश्रांतीनंतर १०९ मीटर उरतात. पाचवी झेप संपते तेव्हा गाड्या २२ मीटरवर आलेल्या असतात. पाखरू पाचव्यांदा बसतं आणि दोन सेकंद पुरे व्हायच्या आत, पाऊण सेकंदही होत नाही तोच, गाड्या भिडतात. बसण्याचा एकूण वेळ पावणेनऊ सेकंदांच्या आत. पाखराचा वेग सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ते नव्वद किलोमीटरपेक्षा साधारण २१६ मीटर कमी उडालं. झेपा पाच. फरक किरकोळ आहे, पण तो वहीवाल्यालाच काढता येतो.

याहून वाईट म्हणजे एकूण वेळ कधीकधी धडधडीत खोटं उत्तर देतो आणि चेहऱ्यावर रेषही हलू देत नाही. पाखराचा वेग ताशी ५० करा, गाड्या ६० च ठेवा. किती उडालं? तास गुणिले पन्नास, ५० किलोमीटर. एका वर्षी अख्ख्या वर्गानं हे उत्तर दिलं आणि मी ते फळ्यावर लिहिलं. मग म्हणालो, पाखरू डाव्या इंजिनावरून निघालं ना? ते ५० नं चाललंय आणि त्याच्या मागून तेच इंजिन ६० नं येतंय.

वही लगेच ओरडते. पहिली झेप: ५० आणि ६० मिळून ११०, अंतर १२०, लागणारा वेळ ६५ मिनिटांहून जास्त. गाड्या तर ६० व्या मिनिटाला भिडल्या! आणि गुणोत्तर येतं उणे एक अकरांश. अंतर उणे कसं होईल? हीच खूण, की हे पाखरू या गोष्टीत उडूच शकत नाही. गंमत अशी की तरीही डोळे मिटून ही श्रेढी बेरजेला लावली, पहिली झेप साडेचोपन्न किलोमीटर आणि गुणोत्तर उणे एक अकरांश, तर बेरीज बरोबर ५० च येते. बीजगणिताला पाखराशी काही देणं-घेणं नाही. बेरीज जुळली म्हणजे गोष्ट खरी, असं नसतं. झेपा एकेक करून बघितल्या तरच खोट दिसते.

आता शेवटचं. वेळ होत आलाय, पण हे सांगितल्याशिवाय मला घरी झोप यायची नाही. हा सगळा प्रकार कुणी कॅमेऱ्यात टिपला आणि चित्रफीत उलटी चालवली असं समजा. दोन गाड्या एकमेकींना नाकाशी नाक लावून उभ्या, पाखरू मध्ये. गाड्या ६० नं एकमेकींपासून दूर जायला लागतात. पाखरू ९० नं या इंजिनापासून त्या इंजिनापर्यंत येरझारा घालतं. तासाभरानं पाखरू किती उडालेलं असेल?

(श्रोत्यांमधून: ‘‘नव्वद.’’)

बरोबर, नव्वद. आणि तासाभरानं ते कुठे असेल?

(कुणी म्हणतं, डाव्या इंजिनावर. कुणी म्हणतं, मधोमध.)

दोघंही बरोबर आहात, आणि तिसऱ्यानं रुळावरची तिसरी जागा सांगितली तरी तीही बरोबर. सांगतो कसं. तासाभरानंतरच्या स्थितीत, १२० किलोमीटरच्या पट्ट्यात, पाखराला हवं तिथे ठेवा. तोंड हवं तिकडे करा. आता चित्रफीत सुलट चालवा: गाड्या जवळ यायला लागतात, पाखरू त्यांच्यामध्ये येरझारा घालतं, झेपा लहान लहान होत जातात आणि तासाभरानं ते अचूक त्या नाकाशी-नाकाच्या बिंदूत येऊन पोचतं. तुम्ही त्याला कुठूनही सोडलंत तरी पोचतं, कारण दोन गाड्यांच्या चिमट्यातून निसटायला जागाच नाही. म्हणजे प्रत्येक शेवटाला त्या एकाच सुरुवातीपर्यंत जाणारी वाट आहे. तेव्हा सुरुवात तीच, गाड्यांचे वेग तेच, पाखराचा वेग तोच, कापलेलं अंतरही तेच नव्वद. आणि तासानंतरची जागा काहीही.

कोणी म्हणेल, पहिली झेप कोणत्या दिशेची ते सांगा, मी जागा सांगतो. पण पहिली झेप आहेच कुठे? सुलट्या गोष्टीत शेवटची झेप नव्हती, तशी उलट्या गोष्टीत पहिली झेप नाही. गाड्या सुटून सेकंदाचा लाखावा भाग जरी झाला असेल, तरी त्याआधी पाखरू अनंत वेळा वळून चुकलेलं असतं. घड्याळ चालू झाल्यावर ते आधी डावीकडे गेलं की उजवीकडे, हे विचारायला क्षणच शिल्लक नसतो.

त्या मागच्या बाकावरच्या काकांचा हात केव्हाचा वर आहे. बोला काका.

‘‘पाखराला मध्येच कुठेतरी उतरता येत नाही का हो?’’

येतं की. उतरून किती सेकंद बसणार तेवढं सांगा, मग झेपा मोजायला बसू.